तोडीचा गंधार कोणत्या पट्टीत राहतो?

सुरुवातीलाच तुमची एक छोटी परीक्षा घेते. समोर साधा कीबोर्ड आहे. पांढरी एक हा सा धरते आणि सावकाश आरोह वाजवते: पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, काळी पाच आणि वरचा सा. आता उतरते. कोणता राग?

बरोबर, सगळ्यांनी एका आवाजात "भैरवी" म्हटलंत. मैफल संपली असं समजून मागच्या रांगेतलं कुणी उठू नका म्हणजे झालं. चेन्नईच्या एखाद्या संगीतसभेत हेच स्वर लिहून दाखवले असते तर लोक म्हणाले असते, "तोडी". त्यांची तोडी, म्हणजे कर्नाटक संगीतातली हनुमत्तोडी, तिकडच्या बहात्तर मेळांतला, म्हणजे थाटांतला, आठवा मेळ. आपल्या तोडीशी तिचा संबंध नाही. आपल्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळी रागात सापडतात. कर्नाटक तोडीचे सातही स्वर आपल्या भैरवीचेच आहेत: सा, कोमल रि, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नि. आणि तरी तिकडच्या कुठल्याही गायिकेची तोडी तुम्ही ऐकलीत तर पहिली पाच मिनिटं तुम्हाला भैरवीची आठवणही येणार नाही. पट्ट्या त्याच आहेत. मग फरक कुठे आहे? आजचं सगळं बोलणं त्या एका फरकाबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एकाच स्वराबद्दल आहे. तो स्वर म्हणजे तोडीचा गंधार.

आधी शब्दाचा घोळ निस्तरून घेऊ. आपण "गमक" म्हटलं की डोळ्यांसमोर येते गमकेची तान, छातीतून येणारे दणदणीत हेलकावे. कर्नाटक संगीतात हा शब्द छत्रीसारखा आहे. आपण ज्याला मींड म्हणतो, आंदोलन म्हणतो, कण, खटका, मुरकी म्हणतो, ते सगळं तिकडे गमकातच मोडतं. आणि जुना अर्थ तोच आहे. शार्ङ्गदेवाने "संगीतरत्नाकरा"त गमकाची व्याख्या केली ती अशी: "स्वरस्य कम्पो गमकः श्रोतृचित्तसुखावहः", ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप. त्याने पंधरा प्रकार सांगितले. हा ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला गेला तो देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, म्हणजे आजच्या दौलताबादला. तेव्हा गमकाची ही व्याख्या कुठून लांबून आलेली नाही, घरचीच आहे. फक्त आपल्याकडे शब्द आखडत गेला आणि दक्षिणेत तो पसरलेला राहिला.

आता गंधार. मी मुंबईहून चेन्नईला गेले तेव्हा आपलं संगीत दहा वर्षं शिकलेली होते. मैलापूरला ज्यांच्याकडे शिकायला जायला लागले त्यांना सगळे मामी म्हणायचे, मीही म्हणू लागले. तोडीचा पहिला धडा झाला, तो मी आपल्या भातखंडे पद्धतीने वहीत नीट उतरवून घेतला. घरी येऊन पेटीवर वाजवला, पाठ केला. पुढच्या आठवड्यात गाऊन दाखवला. मामींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे छान आहे, पण हे काय आहे?" मी वही दाखवली. एकही स्वर चुकलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "ग लिहिलंय तिथे तू ग गातेस, म्हणून चुकतंय."

हे वाक्य ऐकताना गंमतीचं वाटतं, पण ते शब्दशः खरं आहे. तोडीच्या आरोहात, किंवा जिथे गंधारावर थांबायचं असतं तिथे, तोंडाने अक्षर "ग" उच्चारायचं. पण आवाज गंधारावर ठेवायचा नाही. तो खाली रिषभाजवळून निघतो, वर मध्यमाला जाऊन भिडतो, परत खाली येतो, परत वर जातो. गंधाराची जागा या झोक्याच्या साधारण मधोमध येते आणि आवाज दर फेरीला तिच्यावरून जातो, पण तिथे टेकत नाही. गाऊन दाखवते. (गातात.) हे ऐकलंत? मी एकच अक्षर म्हटलं, एकच स्वर म्हटला. निदान माझ्या मनात तो एकच होता. याला कंपित म्हणतात, तमिळमध्ये शिकवताना नुसतं "असैवु" म्हणतात, म्हणजे हलणं.

थोडं मोजून बघू. सप्तकाचे १२०० भाग केले की एकेका भागाला सेंट म्हणतात. कीबोर्डवर शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट. सा शून्यावर धरला तर कोमल रि १००, कोमल ग ३००, म ५००. म्हणजे तोडीचा गंधार ठळकपणे गायला तर आवाज साधारण १०० ते ५०० या टापूत फिरतो. गायकागणिक हा टापू थोडा कमीजास्त होतो. कुणी खाली पूर्ण रिषभापर्यंत जात नाही, कुणी वर मध्यमाला निसटता स्पर्श करून परततो. पण ४०० सेंटच्या आसपासचा हा झोका आहे, पाच पट्ट्यांचा प्रदेश. पाश्चात्त्य गायनातला व्हिब्रेटो एका स्वराभोवतीची थरथर असते, तिचा पसारा एका पट्टीच्या आसपास, आणि ती तालाला बांधलेली नसते. हा झोका तालात असतो. गंधार एक मात्रा लांब असेल तर त्यात किती झोके आणि शेवटचा कुठे संपून पुढचा स्वर कुठून उचलायचा, हे ठरलेलं असतं.

आता हे कीबोर्डवर करून बघू या. पहिला प्रयत्न तुम्ही ऐकलातच: काळी दोन दाबली की भैरवी उभी राहते.

दुसरा प्रयत्न हुशार विद्यार्थी करतो. तो म्हणतो, आवाज रि आणि म यांच्यात फिरतो ना, मग मी काळी एक आणि पांढरी चार आलटून पालटून वाजवतो. (वाजवतात.) हसलात! हे ट्रेनच्या भोंग्यासारखं झालं. दोन्ही टोकं बरोबर आहेत, पण टोकांमधला प्रवास गेला, आणि गमक म्हणजे तो प्रवासच. शिवाय दर वेळी पट्टी दाबली की स्वराची नव्याने सुरुवात होते, एक बारीकसा ठोका बसतो. गळ्यात असा ठोका एकदाच असतो, अक्षराच्या सुरुवातीला. इथे एका "ग" मध्ये सहा ठोके बसले. कान सहा स्वर मोजतो.

तिसरा प्रयत्न: मधल्या पट्ट्याही घेऊ. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार आणि परत. (वाजवतात.) हा जिना झाला. पाच पायऱ्या वर, पाच खाली. आणि त्यात दोन पायऱ्या तोडीच्या घरात नसलेल्या आहेत, शुद्ध रि आणि शुद्ध ग. गळा त्याच जागांवरून जातो, पण इतक्या वाहतेपणी की त्या कुणाला ऐकू येत नाहीत. पट्टी दाबली की मात्र त्या बोलू लागतात.

चौथा प्रयत्न खरा रंजक आहे, म्हणून त्यावर थोडी जास्त थांबते. कीबोर्डच्या डाव्या हाताला हे चाक आहे, पिच बेंड. ते वर सरकवलं की स्वर चढतो, खाली ओढलं की उतरतो, मधे कुठेही पायरी जाणवत नाही. बहुतेक कीबोर्डांवर हे चाक मुळात दोन पट्ट्या वर आणि दोन पट्ट्या खाली जाईल असं लावलेलं असतं. आता हिशेब करा: गंधार ३००, दोन पट्ट्या खाली १००, दोन पट्ट्या वर ५००. बरोबर रि ते म! जणू तोडीचा गंधार डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय. काळी दोन दाबून धरते आणि चाक वरखाली करते. (वाजवतात.)

आधीपेक्षा पुष्कळ जवळ आलं, मान्य आहे. पण तोडी वाटली का? मला भोंग्यापासून सायरनपर्यंत प्रगती झाली एवढंच वाटतं. याची दोन कारणं आहेत. पहिलं हे की माझा हात चाक सारख्या वेगाने वरखाली करतोय, आणि गळा तसं करत नाही. गळा टोकाला क्षणभर रेंगाळतो, मग झपकन दुसऱ्या टोकाला जातो, परत रेंगाळतो. कधी खाली जास्त, कधी वर जास्त. मुक्काम आणि प्रवास यांचं हे गणित त्या स्वराची ओळख असतं. वर जाताना आवाजाचा दाबही बदलतो, बहुधा चढताना किंचित हलका होतो. चाक फक्त उंची बदलतं, दाब आहे तोच राहतो.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. या चाकाला स्प्रिंग आहे. हात सोडला की ते मधे येतं. म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने काळी दोन ही मूळ जागा, आणि हलणं हे तिच्यापासून तात्पुरतं ढळणं. हात थकला, क्षणभर ढिला पडला, की स्वर नेमका त्या जागी येऊन उभा राहतो जिथे तोडीत उभं राहायचं नसतं. आणि तो उभा राहिला की भैरवी लगेच डोकावते.

चेन्नईत कीबोर्डवर उत्तम कर्नाटक संगीत वाजवणारे कलाकार आहेत, आणि ते हेच चाक वापरतात. त्यांना मी कमी लेखत नाही. उलट त्यांचं वाजवणं जवळून पाहिलं तर लक्षात येतं की उजवा हात थोडं काम करतो आणि राग डावा हात गातो. म्हणजे ते पट्ट्यांवर अवलंबून नाहीत, पट्ट्यांच्या बाहेर पडायला शिकलेले आहेत. आणि त्यांनी वाजवलेलं "कोणत्या पट्ट्या दाबल्या" असं लिहून काढलंत तर त्या कागदावर पुन्हा भैरवीच उरेल.

सरकण्याचा दुसरा प्रकार, जारु, थोडक्यात दाखवते. जारु म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. चढताना एत्र जारु, उतरताना इरक्क जारु. आपली मींड. नव्या कीबोर्डांवर त्यासाठी एक बटण असतं, ते चालू केलं की सा दाबून प दाबला तर आवाज आपोआप घसरत जातो. (वाजवतात.) डास कानाजवळून गेला. कारण यंत्राने पूर्ण रस्ता एकाच चालीने कापला. गायिका सा वर टिकून राहते, निघते तेव्हा निघाली हे कळतसुद्धा नाही, मधला मोठा भाग ती चटकन पार करते, आणि प च्या जवळ येऊन अलगद बसते. (गातात.) आणि हे बटण एकदा लावलं की सगळ्याच स्वरांच्या मधे घसरतं, जिथे नको तिथेही. तोडीत सा आणि प स्थिर राहायला हवेत. बाकीच्यांच्या झोक्यांना तेच तर खुंट आहेत.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला शिकायला फार उशीर लागला. कर्नाटक संगीतात वर्णम् नावाचा प्रकार असतो, रियाजाचा आणि मैफलीच्या सुरुवातीचाही. तो आधी एका लयीत आणि मग दुप्पट लयीत गातात. ताल तोच, हाताने तसाच धरायचा, स्वर दुप्पट. माझा साधा समज असा की आधीच्या लयीत गंधाराला चार झोके असतील तर दुप्पट लयीत तेच चार झोके निम्म्या वेळात घ्यायचे. मी तसं करायला गेले आणि गळ्यातून बकरीचा आवाज निघाला.

होतं असं की स्वराचा वेळ निम्मा झाला तरी गळ्याला रि पासून म पर्यंत जायला लागणारा वेळ तसा निम्मा करता येत नाही, आणि केला तर ते झोका न वाटता थरथर वाटतं. म्हणून झोके कमी होतात. चाराचे दोन होतात, कधी एकच. अगदी जलद स्वरांत गंधार म्हणजे मध्यमाकडून आलेला नुसता एक झटका उरतो. टोकांवरचे मुक्काम छाटले जातात, प्रवासाचा आकार शक्यतो राखला जातो. कोणता झोका टाकायचा आणि कोणता ठेवायचा हे पुढच्या स्वरावर ठरतं: पुढे म असेल तर वरच्या टोकाला संपणं सोयीचं, पुढे रि असेल तर खालच्या. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. संथ लयीतल्या वर्णमचं ध्वनिमुद्रण घ्या आणि फोनवर स्वर न चढवता ते दुप्पट वेगाने वाजवा. मग तेच वर्णम् त्याच गायिकेने खरोखर दुप्पट लयीत गायलेलं ऐका. पहिलं घाबरल्यासारखं ऐकू येईल. दुसरं धावेल, पण शांतपणे.

म्हणजे बघा, तोडीचा "ग" असा एक ठरावीक आकारही नाही की तो एकदा मुद्रित करून पट्टीत भरून ठेवावा आणि दाबला की वाजावा. लांबी बदलली, शेजारी बदलला, की तो बदलतो.

मग हे कागदावर कसं उतरवायचं? या प्रश्नावर एकाच घराण्यातल्या तीन माणसांची हकीकत सांगण्यासारखी आहे. मुत्तुस्वामी दीक्षित, कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक, तरुणपणी मद्रासजवळ मणलीला राहायचे. तिथे इंग्रजांच्या बँडच्या चाली कानावर पडायच्या. त्या चालींवर त्यांनी संस्कृत शब्द बसवले. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर "सन्ततं पाहि मां" ही रचना आहे. या सगळ्या शंकराभरणम् रागात धरतात, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर, कीबोर्डच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. या रचना कीबोर्डवर वाजवा, काही बिघडत नाही, कारण त्यांत गमक जवळजवळ नाहीच. पण त्याच दीक्षितांची शंकराभरणम् मधली भारदस्त रचना, म्हणजे कृती, कीबोर्डवर वाजवा, ती नोट्टुस्वरासारखी ऐकू येईल. त्या कृतीत मध्यम हा ग आणि प यांच्यामधे झुलतो; पट्टीवर तो पांढऱ्या चारवर गप्प उभा राहतो, आणि बँड सुरू होतो.

दुसरे, त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षित. त्यांनी त्याच इंग्रजांचं व्हायोलिन उचललं, शिकले, आणि ते कर्नाटक संगीतात रुळलं. आज गायकाच्या शेजारी व्हायोलिन नसेल तर मैफल अपुरी वाटते. बाहेरून आलेलं एक वाद्य घरचं झालं, आणि तसंच बाहेरून आलेली पेटी तिकडच्या मुख्य मैफलीत कधी बसली नाही, याचं कारण तुम्हाला आता सांगायला नको. व्हायोलिनला पडदे नाहीत, बोट तारेवर कुठेही सरकतं. वादक मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवतात, दुसरं टोक छातीशी. त्यामुळे डाव्या हाताला वाद्य तोलून धरायचं काम राहत नाही; तो पूर्णपणे सरकायला मोकळा. वीणेला पडदे आहेत, पण तिथे तार पडद्यावर आडवी खेचता येते. एका पडद्यावर बोट ठेवून तार ओढून वरचा स्वर काढण्याला ओडुक्कल असा स्वतंत्र शब्दच आहे. नागस्वरम् या सनईसारख्या वाद्यात फुंक आणि ओठ हे काम करतात, टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै यांची नागस्वरावरची तोडी अजून लोक नाव काढून ऐकतात. पेटीला यांपैकी काहीच करता येत नाही. आपल्याकडेही दरबारीचा आंदोलित गंधार आला की पेटीवाले हात आखडता घेतात, तीच अडचण. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली तेव्हा हेही एक कारण पुढे केलं गेलं होतं. मला ती बंदी अति वाटते, पण तक्रारीत तथ्य होतं. एक गंमत मात्र सांगते: तिकडे गायकाला पट्टी विचारताना "किती कट्टै?" म्हणतात, आणि कट्टै म्हणजे लाकडाचा तुकडा, पेटीची पट्टी. पेटीला मैफलीत जागा नाही, पण सा सांगायला तीच.

तिसरे सुब्बराम दीक्षित, बालुस्वामींचे नातू आणि दत्तक पुत्र. यांनी १९०४ साली एट्टयपुरम् इथे "संगीत संप्रदाय प्रदर्शिनी" हा मोठा ग्रंथ तेलुगूत छापला, घराण्याच्या शेकडो रचना स्वरलिपीत. त्यामागे ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांचा आग्रह होता. मुदलियारांनी स्वतः त्याआधी कर्नाटक रचना पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये छापून पाहिल्या होत्या. सुब्बराम दीक्षितांनी वेगळी वाट घेतली. त्यांनी स्वर लिहिला आणि त्यावर गमकाचं चिन्ह दिलं: कंपितासाठी नागमोडी रेघ, जारुसाठी चढती किंवा उतरती तिरकी रेघ, आणि स्फुरित, नोक्कु, खंडिप्पु अशा इतर गमकांना आपापली खूण. त्याच वर्षी आपले भातखंडे दक्षिणेच्या दौऱ्यात त्यांना एट्टयपुरम् ला जाऊन भेटले होते. दोघेही आपापल्या बाजूने तेच काम करत होते, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

पण त्या नागमोडी रेघेकडे नीट बघा. ती सांगते काय? "इथे हलव." कुठून कुठे, किती वेळा, कुठे रेंगाळ, हे सांगत नाही. तोडीच्या गंधारावर तीच रेघ, शंकराभरणाच्या मध्यमावर तीच. ज्याला तोडी माहीत आहे त्याला ती पुरते. ज्याला माहीत नाही, त्याने ती वाचून गायलं तर तोडी येणार नाही. आजच्या साध्या छापील पुस्तकांत तर ती रेघही नसते. "ग" लिहितात, पुढे लांबीसाठी स्वल्पविराम किंवा अर्धविराम. म्हणजे जे लिहिलंय ते आठवण करून द्यायला, शिकवायला नाही. मामी याला स्वराचा पत्ता म्हणायच्या. पत्त्यावरून घर सापडतं, पण घरात कोण आहे ते आत गेल्याशिवाय कळत नाही.

एक जण मघापासून हात वर करून आहेत. हो, विचारा. ... तुम्ही विचारताय की आपल्याकडे २२ श्रुतींची पेटी बनवली गेली आहे, तिच्यात तरी हे होईल का?

चांगला प्रश्न आहे, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करतो. कीबोर्डचा कोमल गंधार ३०० सेंटवर आहे. नैसर्गिक मेळातला, सा शी ६:५ प्रमाणातला, ३१६ वर. १६ सेंटचा फरक. तंबोऱ्याबरोबर स्थिर गायचा गंधार असेल, तर हा फरक कानाला खरोखर कळतो, आणि तुमची २२ श्रुतींची पेटी तो दुरुस्त करते. भैरवीतल्या ठेवलेल्या गंधाराला तिचा फायदा आहे. पण तोडीचा गंधार १०० पासून ५०० पर्यंत जाऊन येतो. त्या ४०० सेंटच्या वाटेवर तुम्ही आणखी चार पट्ट्या बसवल्यात, तर माझा मघाचा जिना जरा जास्त पायऱ्यांचा होईल. पट्टी चुकीच्या जागी आहे ही अडचण नाहीच. अडचण ही आहे की पट्टी जागच्या जागी असते.

हं, पण एक खरं सांगते, नाहीतर तुम्ही समजाल तोडीत सगळंच हलतं. जलद उतरत्या स्वरावलीत गंधार कधीकधी जवळजवळ साधा लागतो, पट्टीवर वाजवण्याइतका. तेवढ्यापुरती पेटी तोडीत चालते. मग पुढच्या मुक्कामाला गंधारावर थांबायची वेळ येते. तंबोरा चालू करा, मी थांबून दाखवते. आणि तुम्ही कुणीतरी इथे या, काळी दोन दाबून धरा, सोडू नका. (गातात.) आता दोन्ही एकत्र ऐका, माझा ग आणि पेटीचा ग. दोघंही ग म्हणताहेत, आणि एकमेकांना ओळखत नाहीत.